शेळ्या-मेंढ्यांच्या पुवाच्या गाठी : रोग पुवातून पसरतो

शेळीच्या कानाखाली, जबड्याखाली, खांद्यापुढे किंवा मागील पायाच्या पुढील बाजूस घट्ट गाठ आढळल्यास ती लसिकाग्रंथींच्या जंतुजन्य रोगाची असू शकते. हे जंतू कातडीवरील जखमेतून शरीरात शिरतात व जवळच्या ग्रंथीत पू निर्माण करतात. हा पू चक्क्यासारखा घट्ट, पांढरट-हिरवट व बहुधा वासरहित असतो. जनावर खात-पीत असते, म्हणून मालक निश्चिंत राहतो. परंतु गाठ आपोआप फुटली की पू गव्हाणीस, खुंट्यास व जमिनीस लागतो आणि त्यातील जंतू मातीत कित्येक महिने जिवंत राहतात.

समजा, पूर्णा तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या बारा शेळ्यांपैकी एकीच्या खांद्यापुढे लिंबाएवढी गाठ आली आहे. तिला त्याच दिवशी वेगळे बांधावे. गाठ कठीण असता कापू नये. ती मऊ होऊन वरील केस झडू लागले, म्हणजे ती पिकली असे समजावे व पशुवैद्यकीय दवाखान्यातून फोडून घ्यावी. कानाखालील व गळ्याजवळील गाठीस इतरांनी हात लावू नये. तेथे महत्त्वाच्या शिरा व मज्जातंतू असतात.

गाठ फोडताना जनावर कळपापासून दूर, जुन्या वर्तमानपत्रांवर उभे करावे. माणसासही हा रोग क्वचित होतो, यास्तव रबरी हातमोजे घालावे. केस कातरून कातडी आयोडीनने पुसावी व निर्जंतुक पात्याने गाठीच्या खालच्या भागी छेद घ्यावा, म्हणजे पू साचून राहत नाही. सर्व पू भांड्यात धरावा. दहा टक्क्यांच्या पोव्हिडोन आयोडीनच्या एका भागात उकळून निवविलेले नऊ भाग पाणी मिसळून पोकळी धुवावी व हे धुणे रोज करावे. पू, कागद व कापूस जाळून अवशेष खोल पुरावेत. जखम पूर्ण भरून कोरडी होईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन ते चार आठवडे, शेळी कळपात सोडू नये.

केवळ इंजेक्शनावर विसंबून चालत नाही, कारण गाठीभोवतीच्या जाड आवरणातून औषध पुवापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. जखम बरी झाली तरी जंतू शरीरात राहू शकतात. म्हणून ज्या जनावरास पुनःपुन्हा गाठी येतात, किंवा जे खोकते व खाऊनही रोडावते, ते पैदाशीसाठी ठेवू नये. त्याच्या फुप्फुसात गाठी असण्याचा संभव असतो.

मेंढ्यांत हा रोग मुख्यतः लोकर कातरताना पसरतो. एका मेंढीची गाठ कातरीने फुटली की तीच कातर पुढील मेंढीच्या ओरखड्यात जंतू पोहोचविते. याकरिता कोवळी जनावरे प्रथम, प्रौढ त्यानंतर व गाठी असलेली सर्वांत शेवटी कातरावीत. मेंढीस जखम झाल्यास ती आयोडीनने पुसावी आणि कातर धुऊन जंतुनाशकात बुडविल्यावाचून पुढील मेंढीस लावू नये. नवे जनावर विकत घेताना वरील सर्व जागा हाताने चाचपून पाहाव्यात.