मोबाइलवरचा डॉलर आणि काउंटरवरचा डॉलर

मोबाइलवर डॉलरचा भाव पाहायचा, मनात हिशेब करायचा आणि मनी चेंजरच्या काउंटरवर गेल्यावर भलताच आकडा ऐकायचा, हे परदेशी निघालेल्या बहुतेकांच्या वाट्याला येतं. फसवणूक होते आहे, असा पहिला संशय येतो. पण मोबाइलवर दिसणाऱ्या त्या दराने सामान्य ग्राहकाला डॉलर सहसा कुणीच विकत नाही, कारण तो विक्रीचा दर नसतोच.

बँका आपसात डॉलरची खरेदी-विक्री करतात, तेव्हा प्रत्येक क्षणी दोन भाव असतात. समजा, एखादी बँक ८४.९९ रुपयांना डॉलर घ्यायला तयार आहे आणि दुसरी ८५.०१ रुपयांना द्यायला. या दोहोंचा मध्य म्हणजे ८५ रुपये, आणि संकेतस्थळं साधारणपणे हाच मध्यदर दाखवतात. दोन भावांत एक-दोन पैशांचंच अंतर राहतं, कारण इथले सौदे लाखो डॉलरचे असतात आणि पैसा फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. नोटा मोजाव्या लागत नाहीत, की साठवाव्या लागत नाहीत.

ग्राहकासाठी बँक रोज सकाळी वेगळा दरतक्ता काढते. त्याला बँकेच्या भाषेत ‘कार्ड रेट’ म्हणतात. त्यात एकाच डॉलरचे अनेक दर असतात. परदेशी खात्यात पैसे पाठवायचे असतील तर ‘टीटी सेलिंग’, तिकडून आलेले पैसे रुपयांत घ्यायचे असतील तर ‘टीटी बाइंग’, आणि रोख नोटांसाठी आणखी दोन दर. इथे खरेदी-विक्री हे शब्द बँकेच्या बाजूने असतात: ग्राहक डॉलर विकत घेतो, तेव्हा त्याला बँकेचा विक्रीदर लागतो. एकदा जाहीर झालेला दर अनेकदा तासन् तास तसाच राहतो, बाजार मात्र हलत असतो. त्या हालचालीचा धोका बँक दरातच धरून ठेवते. कर्मचारी, कागदपत्रांची तपासणी आणि नफाही त्यातूनच निघतो.

नोटांचा दर सगळ्यांत महाग, आणि त्याला सबळ कारण आहे. नोटा आणाव्या लागतात, त्यांचा विमा उतरवावा लागतो, खऱ्या-खोट्या तपासाव्या लागतात, आणि विकल्या जाईपर्यंत त्यांत अडकलेल्या पैशावर व्याज मिळत नाही. डॉलर निदान सतत खपतात. कमी मागणीच्या चलनाच्या नोटा तिजोरीत पडून राहतात, म्हणून त्यांचं अंतर आणखी वाढतं. शिवाय रुपयातून अशा चलनात जाताना बहुधा आधी डॉलर घेतला जातो आणि मग ते चलन, म्हणजे वाटेत दोन सौदे होतात आणि दोन्हींचा खर्च दरात शिरतो.

एक उदाहरण घेऊ. दर समजण्यापुरते धरले आहेत. मध्यदर ८५, टीटी विक्रीदर ८५.९०, नोटांचा विक्रीदर ८८ आणि नोटांचा खरेदीदर ८२.५०. नाशिकचं एक कुटुंब हजार डॉलरच्या नोटा घेतं आणि ८८,००० रुपये मोजतं. यावर जीएसटी लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नव्हे. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात बदलून देण्याच्या सेवेचं मूल्य रकमेच्या एक टक्का (किमान २५० रुपये) धरण्याची सोय नियमात आहे. म्हणजे ८८० रुपये, त्याचे १८ टक्के १५८ रुपये. मध्यदराने ८५,००० होणाऱ्या डॉलरना एकूण ८८,१५८ पडले, म्हणजे सुमारे ३.७ टक्के जास्त. हेच पैसे परदेशी खात्यात पाठवले असते, तर दरातला फरक ९०० रुपयांचाच होता. जीएसटी आणि पाठवणावळ मात्र वेगळी. परत आल्यावर उरलेले दोनशे डॉलर विकले, तर १७,६०० रुपयांना घेतलेल्या नोटांचे १६,५०० येतात. जाताना गरजेपुरतीच रोकड घ्यायची, ती यासाठी.

‘शून्य कमिशन’ या पाटीकडे म्हणूनच सावधपणे पाहावं. कमिशन नसेल, तर कमाई दरातच असते. विमानतळावर जागेचं भाडं जबर असतं आणि घाईतल्या प्रवाशाला दुसरं दुकान गाठता येत नाही, त्यामुळे तिथे अंतर बरंच मोठं असू शकतं. पारखायला सोपा उपाय असा: किती परकीय चलन हातात पडेल आणि त्यासाठी सगळं धरून किती रुपये जातील, एवढे दोनच आकडे विचारायचे. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की खरा दर निघतो, आणि त्याच क्षणीच्या मध्यदराशी त्याची तुलना करता येते.

रक्कम मोठी असेल, मुलांची परदेशातली फी वगैरे, तर कार्ड रेट मुकाट्याने मान्य करू नये. शाखेमार्फत बँकेच्या ट्रेझरीकडून त्या वेळचा दर मागता येतो आणि त्यात घासाघीस होते. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘एफएक्स-रिटेल’ या व्यासपीठावर बँकेचे ग्राहक नोंदणी करून थेट बाजारातल्या भावाने डॉलर घेऊ शकतात. बँकेचा हिस्सा तिथे दरात न लपता वेगळा दिसतो. त्यासाठी आपली बँक त्यात सहभागी आहे का, हे शाखेत आधी विचारून घ्यावं लागतं.