एका टीमने नाही म्हटलं, तर दुसऱ्या टीमसाठी कसं विचारायचं?

मी बरीच वर्षं पुण्यात कंपन्यांच्या भरती विभागात काम केलं. इंटरव्ह्यूत नापास झाल्यावर त्याच कंपनीतल्या दुसऱ्या कामासाठी विचारावं का, आणि कसं विचारावं, हा प्रश्न मला कितीतरी जणींनी विचारला आहे. आज त्याबद्दलच बोलू या. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीची हकीकत सांगते, म्हणजे सगळं नीट कळेल.

ही मुलगी बी.कॉम. झालेली. लग्नाआधी आणि नंतर मिळून पाच वर्षं तिने साताऱ्यात एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात टॅलीवर हिशेब सांभाळले. मूल झाल्यावर चार वर्षं घरी होती. आता नवऱ्याची नोकरी सुटलेली, घरभाडं थकायला लागलेलं. अशात खराडीतल्या एका मोठ्या कंपनीत तिला इंटरव्ह्यू मिळाला. परदेशातल्या ऑफिसांचे हिशेब जिथे ठेवतात, तशी ही कंपनी. जागा होती जनरल लेजर टीममधली, म्हणजे महिनाअखेरीला खाती बंद करण्याच्या कामाची. दोन फेऱ्या छान झाल्या, तिसरी टीमच्या मॅनेजरबरोबर झाली आणि गुरुवारी संध्याकाळी नकाराची मेल आली.

ती मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. उत्तर लिहून तयार होतं: "मॅडम, मला कामाची फार गरज आहे. तुमच्याकडे कुठलंही काम असेल तरी चालेल."

मी म्हटलं, "अगं थांब, हे पाठवू नकोस."

"का ताई? खोटं कुठे आहे त्यात?"

खोटं काहीच नव्हतं. पण ही मेल वाचणाऱ्या रिक्रूटरने पुढे काय करायचं, हे त्यात नव्हतं. रिक्रूटरचं काम कसं चालतं, ते आधी समजून घ्या. तिच्याकडे एका वेळी बऱ्याच जागा असतात. प्रत्येक जागा एकेका टीमने मंजूर करून घेतलेली असते आणि प्रत्येकीला वेगळा नंबर असतो, त्याला जॉब आयडी म्हणतात. माणूस घ्यायचा की नाही, हे बहुतेक वेळा त्या टीमचा मॅनेजर ठरवतो. रिक्रूटर नावं शोधून त्याच्यापुढे ठेवते. "कुठलंही काम चालेल" असं लिहिलं, की तुम्हाला कुठे बसवायचं हा विचार तिच्यावर येऊन पडतो, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नसतो. उलट "या नंबरच्या या जागेसाठी माझं नाव पाठवाल का?" असं विचारलं, तर तिला फक्त एक मेल पुढे पाठवायची असते. त्यात तिचाही फायदा असतो. तुमची कागदपत्रं तिच्याकडे असतात, तुमच्याशी ती बोललेली असते, आणि तिला ती दुसरी जागाही भरायचीच असते.

पण विचारण्याआधी एक गोष्ट कळायला हवी: नकार नेमका कशामुळे आला?

मोठ्या कंपन्यांत काही फेऱ्या सगळ्या टीमना सारख्याच असतात. लेखी चाचणी, इंग्रजी बोलण्याची फेरी, या त्यातल्या. तिथे अडलात तर दुसऱ्या टीमसाठीही तीच फेरी आडवी येते. शिवाय पुष्कळ कंपन्यांत अशा नकारानंतर काही महिने, बऱ्याचदा सहा महिने, पुन्हा अर्ज घेत नाहीत. तेव्हा लगेच विचारून उपयोग नसतो. ती मुदत किती आहे एवढं विचारून ठेवावं आणि दरम्यान तयारी करावी. मात्र नकार मॅनेजरच्या फेरीत आला असेल आणि त्या टीमच्या कामातली एखादी गोष्ट कमी पडली असेल, तर दुसऱ्या टीमचं दार उघडं असू शकतं.

हे कळायला रिक्रूटरला एक छोटा फोन करावा. "मला का नाही घेतलं?" असं विचारलं की समोरची व्यक्ती सावध होते आणि गोलमोल उत्तर देते. त्याऐवजी विचारा, "या टीमच्या कामातलं काही कमी पडलं, की सगळ्यांसाठी असलेल्या फेरीत अडलं?" याचं उत्तर बहुतेक जणी देतात. आमच्या मुलीने शुक्रवारी सकाळी फोन केला. मॅडम म्हणाल्या, "महिनाअखेरीच्या तरतुदींचं काम तुम्ही केलेलं नाही, मॅनेजरला ते लगेच करणारं माणूस हवं होतं. बाकी काही तक्रार नाही."

तरतुदी म्हणजे काय, तर खर्च या महिन्यात झाला पण बिल अजून आलं नाही, तर त्याची अंदाजी रक्कम याच महिन्यात लिहून ठेवायची. साताऱ्याच्या ऑफिसात हे काम सी.ए.कडे असायचं. ती उणीव खरी होती, त्यामुळे त्यावर वाद घालायचा नाही, असं आम्ही ठरवलं. "मी आठ दिवसांत शिकेन" असं लिहून झालेला निर्णय बदलत नाही, आणि पुढची विनंतीही त्यापायी कमजोर होते.

मग आम्ही कंपनीचं नोकऱ्यांचं पान उघडलं. हिशेबाच्या विभागात चार जागा दिसत होत्या. चारही ठिकाणी अर्ज टाकायचा मोह तिला झाला. तसं करू नये. तुमचे सगळे अर्ज रिक्रूटरला एकाच ठिकाणी दिसतात, आणि सगळीकडे अर्ज असला की यांना नक्की काय येतं, असा प्रश्न पडतो. आम्ही एकच जागा निवडली, व्हेंडर हेल्पडेस्क. पुरवठादारांचे पैसे का अडकले, हे शोधून त्यांना उत्तर देणारी ही टीम.

हीच का? मी तिला विचारलं होतं, "इंटरव्ह्यूत कुठलं उत्तर सगळ्यात चांगलं गेलं?" तर दुसऱ्या फेरीत तिला अडकलेल्या बिलाबद्दल विचारलं होतं. तिने स्वतःचा अनुभव सांगितला. पुरवठादाराचं बिल १०० नगांचं होतं, गोदामाच्या पावतीवर ९२ नग होते. तिने खरेदीची ऑर्डर, गोदामाची पावती आणि बिल असे तीन कागद शेजारी ठेवले. ८ नग फुटलेले म्हणून परत गेले होते, हे शोधलं. पुरवठादाराकडून त्या ८ नगांची क्रेडिट नोट मागवली आणि ९२ नगांचे पैसे सोडवले. हेल्पडेस्कचं काम बरंचसं हेच आहे. शिवाय हे उत्तर कंपनीच्या माणसाने स्वतः ऐकलं होतं. इंटरव्ह्यू घेणारे आपली मतं नोंदवून ठेवतात, आणि ती नोंद रिक्रूटरला पाहता येते.

मग मेल लिहिली. ती इंग्रजीत होती, पण आशय असा होता:

"नमस्कार मॅडम, निकाल आणि त्याचं कारण सांगितल्याबद्दल आभार. महिनाअखेरीच्या कामाचा अनुभव कमी पडला, हे समजलं. तुमच्या पानावर व्हेंडर हेल्पडेस्कची अमुक नंबरची जागा अजून दिसते आहे. पाच वर्षं मी ऑर्डर, माल-पावती आणि बिल जुळवण्याचं आणि अडकलेल्या पैशांबद्दल पुरवठादारांशी बोलण्याचं काम केलं आहे. दुसऱ्या फेरीत मी ९२ नगांच्या बिलाचं उदाहरण दिलं होतं, ते याच कामातलं. या जागेसाठी माझं नाव त्या टीमकडे पाठवता येईल का? ही जागा तुमच्याकडे नसेल, तर कोणाशी बोलावं ते कळवाल का? जागा भरली असेल किंवा नियमात बसत नसेल, तर तसं सांगितलं तरी चालेल. त्या कामाला धरून मांडलेला बायोडाटा सोबत जोडला आहे."

ही मेल शुक्रवारीच दुपारी गेली. एक-दोन दिवसांत विचारलेलं बरं, कारण तुम्ही लक्षात असता आणि जागाही उघडी असते. महिन्याभराने विचारलं तर दोन्हीची खात्री नसते. नाही म्हणायची वाटही आम्ही मुद्दाम ठेवली होती. त्यामुळे उत्तर द्यायचा संकोच कमी होतो, आणि आपल्यालाही ताटकळत बसावं लागत नाही.

बायोडाट्याबद्दल एक सांगते. त्यात फक्त क्रम बदलायचा. पुरवठादारांचं काम वर आणलं, टॅलीच्या नोंदी खाली नेल्या. तारखा, हुद्दा, चार वर्षांचा खंड यांना हात लावला नाही. पहिला बायोडाटा कंपनीकडे असतोच. दोन्हींत फरक सापडला, तर पुढे पडताळणीत हातातली नोकरी जाऊ शकते.

आणखी दोन गोष्टी. तुमचं नाव प्लेसमेंट कन्सल्टन्सीकडून गेलं असेल, तर ही विनंती आधी त्यांच्याकडे करा. त्यांचं कमिशन तुमच्या नावाशी बांधलेलं असतं, परस्पर गेलात तर दोघांत वाद होतो आणि तुमचं नाव बाजूला पडतं. आणि दुसऱ्या टीममध्ये घालण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. खरा रिक्रूटर उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

पुढचा आठवडा उत्तर आलं नाही. मुलगी रोज मेल बघायची. आठव्या दिवशी तिने दोन ओळींची आठवण पाठवली. एवढंच करायचं, तिसरी मेल पाठवायची नाही. मधल्या काळात दुसऱ्या दोन कंपन्यांत अर्ज करायला मी तिला लावलं होतं, कारण अशा विनंत्या पुष्कळदा फळत नाहीत.

या वेळी फोन आला. मॅडम म्हणाल्या, "मॅनेजर एकदा बोलायला तयार आहेत. पहिल्या दोन फेऱ्या पुन्हा नाहीत." तिने आधीच दोन गोष्टी विचारून घेतल्या, पगार आणि शिफ्ट. टीम बदलली की दोन्ही बदलतात, हे खूप जणींच्या शेवटी लक्षात येतं. पगार पहिल्या जागेपेक्षा कमी होता आणि शिफ्ट दुपारी १ ते रात्री १०.

इंटरव्ह्यूत मॅनेजरने विचारलं, "तुम्ही तर जनरल लेजरसाठी आला होतात ना?" ती म्हणाली, "हो सर. तिथे लागणारा अनुभव माझ्याकडे नाही. या कामाचा आहे." त्यावर पुढे प्रश्न आला नाही.

निवड झाली. मग शिफ्टचा प्रश्न उरला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं, तर तिची संमती लागते, आणि सुरक्षेची व घरापर्यंत वाहनाची सोय कंपनीने करायची असते. तिने संमती देण्याआधी गाडी सोसायटीच्या दारापर्यंत येईल, हे मेलवर लिहून घेतलं. कमी पगाराचा हिशेब नवरा-बायकोने रात्री वहीत मांडला. भाडं निघत होतं. मुलाला संध्याकाळी कोण बघणार, हे ठरायला मात्र आणखी दोन दिवस लागले. शेवटी नवऱ्याने ते अंगावर घेतलं आणि तिने होकार कळवला.

तुमच्यापैकी कोणाला नुकताच नकार आला असेल, तर आधी तो एक प्रश्न विचारा: टीमच्या कामात अडलं, की सगळ्यांच्या फेरीत? पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं. आज इथेच थांबते. नमस्कार.