जुनी बद्धकोष्ठता : इसबगोल कुठे चालतं आणि कुठे थांबतं



आजचा विषय ऐकून काहींनी मान खाली घातली, ते मी इथून पाहिलं. हरकत नाही. मीही सात-आठ वर्षं तशीच मान खाली घालून काढली. डॉक्टरकडे गेलो तरी 'पोट साफ होत नाही' एवढंच सांगायचो, पुढचं सांगत नसे. ते न सांगितल्यामुळे किती वर्षं वाया गेली, ते आज सांगायचं आहे. मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा, वैद्यकीचा नाही. तेव्हा इथे ऐकलेलं आपल्या डॉक्टरांसमोर ठेवावं, परस्पर औषध सुरू करू नये.

पहिला घोळ शब्दाचा आहे. बद्धकोष्ठता म्हणजे काय? बहुतेक जण म्हणतील, 'रोज होत नाही ती.' हे बरोबर नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा फरक निरोगी माणसांतही असतो. वैद्यक मोजतं ते वेगळं. वारंवार कुंथावं लागतं का? मळ लेंड्यांसारखा कडक असतो का? झाल्यावरही 'अजून राहिलंय' असं वाटतं का? दारापाशी अडल्यासारखं वाटतं का? बोटाने मदत करावी लागते का? आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होते का? यांतल्या दोन गोष्टी महिनोन् महिने चालू असतील, तर ती जुनी बद्धकोष्ठता.

आता माझं बघा. मला रोज होत असे. रोज काय, दिवसातून तीन वेळा जात होतो! प्रत्येक वेळी पंचवीस-तीस मिनिटं, हातात वर्तमानपत्र, आणि बाहेर आलं की पुन्हा जावंसं वाटायचं. 'रोज होतं ना, मग ठीक आहे,' असं मीही म्हणायचो आणि ऐकणारेही म्हणायचे. पण कुंथणं, राहिल्यासारखं वाटणं, अडणं, या तिन्ही गोष्टी माझ्याकडे होत्या. मोजणी चुकीच्या गोष्टीची चालली होती.

मग मी केलं काय? सगळे करतात तेच. इसबगोल. आधी एक चमचा, मग दोन, मग चार. इथे इसबगोलाचं काम नीट समजून घेऊ. ते पाणी धरून ठेवतं, बुळबुळीत होतं, मळाला आकार आणि मऊपणा देतं. म्हणून ते ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी पाणी घ्यायचं. कोरडं तोंडात टाकणं धोक्याचं, घशात फुगून अडकू शकतं. एकदम चार चमचे सुरू केले तर पोट फुगतं, वारा धरतो, आणि माणूस म्हणतो 'मला सोसत नाही.' एका चमच्याने सुरुवात करून दर आठवड्याला थोडं वाढवावं, आणि परिणाम पाहायला दोन-तीन आठवडे द्यावेत. हे औषध आज घेतलं आणि उद्या मोकळं झालं, असं नाही.

जेवणातल्या तंतूंचंही तसंच. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू असावेत असं सांगतात. आपण वयस्कर झालो की दात दुखतात म्हणून मऊ भात, वरण, ब्रेड, बिस्किट यांवर येतो, आणि तंतू निघून जातात. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, पेरू ही आपल्याच स्वयंपाकघरातली उत्तरं आहेत.

पाण्याबद्दल मात्र गैरसमज फार. उठल्या उठल्या दोन लिटर पाणी ढोसून काही होत नाही. शरीरात पाणी कमी असेल, उन्हाळ्यात, तापात किंवा लघवीला जावं लागेल म्हणून पाणी टाळणाऱ्या माणसात, तर जास्त पाण्याचा उपयोग होतो. पाणी पुरेसं असणाऱ्याने आणखी प्यायलं तर ते लघवीवाटे जातं, आतड्यात पोचत नाही. आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाणी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावंच.

चार चमच्यांनीही माझं काही झालं नाही, तेव्हा मी रेचकांकडे वळलो. तुमच्या घरच्या कपाटात काय आहे ते ओळखता यावं म्हणून त्यांचे प्रकार थोडक्यात सांगतो.

पहिला प्रकार पाणी ओढणाऱ्यांचा. लॅक्टुलोजचं गोड सिरप आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर ही त्यातली. ती आतड्यात पाणी धरून ठेवतात. परिणामाला एक-दोन दिवस, कधी जास्तही लागतात. लॅक्टुलोजने वारा होतो, पावडरने कमी होतो. मॅग्नेशियमचं पांढरं औषधही याच वर्गातलं, पण मूत्रपिंड कमजोर असेल तर ते टाळावं, कारण मॅग्नेशियम रक्तात साठतं. दुसरा प्रकार आतड्याला चाळवणाऱ्यांचा. बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट, आणि आपली सोनामुखी, जी बऱ्याच चूर्णांत असते. रात्री घेतली की सकाळी काम होतं, पोटात मुरडा येऊ शकतो. तिसरा प्रकार मऊ करणाऱ्या तेलकट औषधांचा, म्हणजे लिक्विड पॅराफिन. वयस्कर माणसाने हे झोपताना घेऊ नये. गिळताना श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला त्रास होतो. यांनी भागलं नाही तर डॉक्टर नव्या गोळ्या देतात, प्रुकालोप्राइडसारख्या, पण त्या आपल्या मनाने घ्यायच्या नसतात.

एक श्रोते : सर, सोनामुखीची सवय लागते म्हणतात. आतडं आळशी होतं का?

चांगला प्रश्न. नेहमीच्या मात्रेत आतडं कायमचं निकामी होतं याला भक्कम आधार नाही. लांब काळ घेतल्यावर आतड्याचं अस्तर काळसर दिसतं, पण ते निरुपद्रवी असतं आणि औषध थांबवल्यावर ओसरतं. 'सवय लागली' असं आपण म्हणतो ते बहुधा यामुळे की औषध थांबवलं आणि मूळ त्रास परत दिसला. म्हणजे मूळ त्रास कोणता, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

तेच माझ्या बाबतीत झालं. पावडर घेतली की मळ पातळ व्हायचा, तरीही अडायचा! हे लक्षात ठेवा. मऊ, अगदी पातळ मळसुद्धा कुंथल्याशिवाय बाहेर येत नसेल, तर दोष मळात नाही, दारात आहे.

हे दार कसं चालतं? ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. त्यातला एक स्नायू मलाशयाला मागून विळखा घालून पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे एक बाक तयार होतो आणि मळ आपोआप बाहेर पडत नाही. शौचाच्या वेळी दोन गोष्टी एकदम व्हायला हव्यात. पोटाने खाली दाब द्यायचा, आणि हा विळखा सैल सोडायचा. बाक सरळ होतो, वाट मोकळी होते. काही माणसांत उलटं होतं. जोर लावला की विळखा सैल होण्याऐवजी आवळला जातो. मळ पुढे ढकलायचा आणि दार आपणच घट्ट धरायचं, असा प्रकार. जितकं कुंथावं तितकं दार घट्ट होतं. आणि अशा ठिकाणी इसबगोल वाढवणं म्हणजे बंद दाराशी गर्दी वाढवणं. म्हणून माझं पोट जास्त फुगत होतं.

कळलं कसं? एका डॉक्टरीणबाईंनी बोटाने तपासणी केली. आधीच्या कुणी केली नव्हती, आणि मीही कधी तयार झालो नसतो. त्या म्हणाल्या, 'काका, आता शौचाला बसल्यासारखा जोर लावा.' मी लावला. त्या म्हणाल्या, 'तुम्ही माझं बोट बाहेर ढकलत नाही, आवळताय.' दोन मिनिटांत सात वर्षांचं निदान! मग मोठ्या रुग्णालयात दाबाची तपासणी झाली, तिला मॅनोमेट्री म्हणतात. आणि फुग्याची चाचणी. मलाशयात छोटा फुगा ठेवून त्यात 50 मिलिलिटर पाणी भरतात आणि एकांतात तो बाहेर टाकायला सांगतात. निरोगी माणूस साधारण मिनिटभरात टाकतो. मी पाच मिनिटं बसलो, फुगा जागचा हलला नाही.

उपचार गोळीचा नव्हता, शिकण्याचा होता. बायोफीडबॅक म्हणतात त्याला. मलाशयात बारीक संवेदक ठेवतात आणि स्नायूचा दाब पडद्यावर रेघेने दिसतो. मी जोर लावला की रेघ खाली जायला हवी, ती वर उडी मारायची! स्वतःचा स्नायू डोळ्यांनी दिसला की तो सोडणं शिकता येतं. पंधरा दिवसांनी एक अशा सहा बैठका झाल्या. पोटाने श्वास घेऊन पोट पुढे फुगवायचं, तळ सैल सोडायचा, दात-ओठ आवळायचे नाहीत. घरी रोज सराव.

घरचे नियमही बदलले. न्याहारीनंतर अर्ध्या तासात बसायचं, कारण खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हलतं. कमोडसमोर पायांखाली छोटं स्टूल ठेवायचं, म्हणजे गुडघे कंबरेच्या वर येतात आणि उकिडवं बसल्यासारखा तो बाक सरळ होतो. गुडघे बदललेल्या माझ्यासारख्याला आता तेवढंच शक्य आहे. पाच-सात मिनिटांत झालं नाही तर उठायचं. वर्तमानपत्र बाहेर.

तीन महिन्यांनी दिवसातून एकदा, दहा मिनिटांच्या आत होऊ लागलं. इसबगोल एक चमच्यावर आलं, पावडर थांबली. पूर्ण गेलं म्हणत नाही. प्रवासात, घाईत विळखा पुन्हा आवळतो. पण काय चुकतंय ते कळतं. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही, आणि हे शिकवणारी केंद्रं मोठ्या शहरांबाहेर कमी आहेत.

बायकांना एक सांगतो, कारण त्या हे डॉक्टरांनाही सांगत नाहीत. बाळंतपणांनंतर मलाशयाची भिंत योनीकडे फुगते, मळ त्या खिशात अडतो, आणि बोटाने योनीच्या बाजूने दाबल्यावरच होतं. यात लाजेचं काही नाही. हे वाक्य डॉक्टरांसमोर उच्चारलं की निम्मं निदान तिथेच होतं.

आणि हे थांबायचं नाही असं : मळात रक्त, वजन घटणं, रक्त कमी होणं, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग. यांपैकी काही असेल तर आधी तपासणी, मग चूर्ण. शिवाय आपल्या औषधांची यादी दाखवा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, वेदनेच्या कोडीनसारख्या गोळ्या बद्धकोष्ठता आणतात. थायरॉइडचंही बघून घ्यावं.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना 'साफ होत नाही' एवढंच म्हणू नका. किती वेळा जाता, किती वेळ बसता, मळ कसा असतो, मऊ असूनही अडतो का, बोट लावावं लागतं का, हे पाच मुद्दे कागदावर लिहून न्या. मऊ असूनही अडतं असं असेल तर स्वतःहून विचारा, 'तपासून बघता का?' मी हे सात वर्षांनी विचारलं.

आता प्रश्न घेऊ. दिवे जरा कमी करायचे असतील तर करा, म्हणजे विचारणाऱ्याला सोपं जाईल.