उद्याचं टपाल

३१ ऑगस्टची सकाळ. सदाशिव पेठेतल्या आपल्या बीटची पाकिटं पोस्टमनकाका टेबलावर लावत होते आणि शेजारी नवा मुलगा बघत उभा होता. ज्या महिन्यात साठ वर्षं पूर्ण होतात, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्ती. उद्यापासून ही बीट त्या मुलाची.

१५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेला पिनकोड पाकिटाला वाटपाच्या पोस्टापर्यंत आणून सोडतो. तिथून पुढचा रस्ता पोस्टमनच्या डोक्यात असतो. पेठेत तर वाडा पडून इमारत उभी राहिली, तरी पत्त्यावर जुनाच घरक्रमांक राहतो. म्हणून काका पाकिटं आकड्यांच्या क्रमाने लावत नाहीत, पायांच्या क्रमाने लावतात. जे दार आधी येईल त्याचं पाकीट वर.

"हे दोघे एकाच नावाचे," काका म्हणाले. "एलआयसीचं आलं तर मागचे, कोर्टाचं आलं तर पुढचे. तरी स्पीडपोस्ट असेल तर विचारल्याशिवाय सही घेऊ नकोस."

पहिल्याच वाड्यात तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी खाली आली. रोज ती रिकामी येते आणि टपाल घेऊन वर जाते. आज तिच्यात डबा होता. झाकण अजून गरम होतं. वरून बाई म्हणाल्या, "साटोऱ्या आहेत. डबा परत द्यायला म्हणून तरी या."

पुढच्या घरी आजींचं पेन्शन. पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे आधार जोडलेल्या खात्यातले पैसे पोस्टमन घरी येऊन देतो, फक्त अंगठा जुळावा लागतो. वयानं रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते, आणि यंत्र नकार देतं. काकांनी थैली खाली ठेवायच्या आधीच आजींनी ओल्या फडक्यानं अंगठा पुसून पुढे केला. तो जुळला नाही. काकांनी उजव्या हाताचं मधलं बोट टेकवायला सांगितलं आणि नव्या मुलाकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. पैसे मोजून झाल्यावर आजींनी त्यातली एक नोट काढली. काकांनी हात मागे घेतला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बसा तरी. इतक्या वर्षांत बसला नाहीत."

काका पाच मिनिटं बसले.

शेवटचं स्पीडपोस्ट कोपऱ्यावरच्या शिक्षिकाबाईंचं. दाराला कुलूप. काकांनी शेरा लिहिला, 'घर बंद', आणि सूचनेची चिठ्ठी फटीतून आत सरकवली. शेजारच्या दुकानदाराला ते सवयीनं म्हणाले, "बाईंना सांगा, उद्या आणतो."

बोलून गेल्यावर ते थबकले. नव्या मुलानं हात पुढे केला आणि ते पाकीट स्वतःच्या थैलीत ठेवलं.

"चारनंतर शाळेतून येतात," काका म्हणाले. "बेल बिघडलेली आहे, कडी वाजव."