बंद कपाटातली बॅटरी लवकर का संपते?

घरच्या इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी बहुतेक वेळ पूर्ण भरलेलीच असते. ती तशीच राहावी म्हणून चार्जर तिला सतत थोडा प्रवाह देत राहतो. यालाच फ्लोट चार्जिंग म्हणतात. या अवस्थेत धन पट्टीतली शिशाची जाळी हळूहळू गंजते आणि थोडे पाणीही वायू होऊन उडून जाते. उष्णतेने या दोन्ही क्रिया वेगवान होतात. ढोबळ नियम असा की, तापमान दर १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते.

समजा, २५ अंशांना बॅटरी पाच वर्षे टिकते. वर्षभर ३५ अंश राहिल्यास ती अडीच वर्षेच टिकेल. विदर्भात उन्हाळ्यात खोलीच ३५ अंशांवर जाते. त्यात बंद कपाटात इन्व्हर्टरची आणि चार्जिंगची उष्णता कोंडते, त्यामुळे बॅटरी खोलीपेक्षाही गरम राहते.

गरम बॅटरी त्याच व्होल्टेजला जास्त प्रवाह ओढते आणि आणखी तापते. म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीचे फ्लोट व्होल्टेज दर अंशामागे सुमारे ०.०२ व्होल्टने कमी करावे लागते. २५ अंशांना १३.६ असेल, तर ३५ अंशांना १३.४ पुरते. तापमान न मोजणारे चार्जर हे करत नाहीत.

पाणी वारंवार घालावे लागणे, सीलबंद बॅटरीच्या बाजू फुगणे आणि बॅकअप घटणे ही बिघाडाची लक्षणे आहेत. बॅटरी उघड्या, हवेशीर जागी ठेवल्यास उष्णता निघून जाते आणि चार्जिंगमध्ये सुटणारा ज्वालाग्राही हायड्रोजनही साचत नाही.