आकृती गायब झालेलं रेल्वेचं गणित

पोलीस भरतीच्या लेखी पेपरात शंभर प्रश्न आणि 90 मिनिटं असतात. त्यात रेल्वेचं एखादं गणित आलं की अमरावती-अकोल्याकडची आपली मुलं खूश होतात, कारण सूत्र पाठ असतं. पण मोबाईलवर फिरणारे सरावाचे प्रश्न पाहिले तर वेगळीच अडचण दिसते. कुणीतरी पुस्तकातला प्रश्न टाईप करून पाठवतो, आकृती मात्र पुस्तकातच राहते. बाण कुठून कुठे होता, घड्याळ कधी सुरू झालं, हे सगळं तिच्यातच होतं. ती गेली की उरतं फक्त एक वाक्य.

एक प्रश्न घेऊ. 360 मीटर लांबीची गाडी ताशी 72 किलोमीटर वेगाने मूर्तिजापूरला न थांबता जाते. प्लॅटफॉर्म 440 मीटर धरू (आकडा गणितापुरता). वेळ किती लागेल?

आधी वेग सेकंदात आणू. 72 ला 5 ने गुणून 18 ने भागलं की 20 येतात, म्हणजे गाडी एका सेकंदाला 20 मीटर जाते. इथपर्यंत कुणी चुकत नाही. पुढे मात्र याच आकड्यांतून चार वेगवेगळी उत्तरं निघतात, आणि पेपर काढणारा बहुतेक वेळा तीच चारही पर्यायांत ठेवतो.

म्हणून आकृती आपणच काढायची. गाडी म्हणजे एक आडवी रेघ, पुढचं टोक इंजिनाचं तोंड. मागच्या टोकावर फुली मारा. आपल्या गाड्यांच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली रंगवलेली असते, बडनेऱ्याला उभं राहून मुलांनी ती पाहिलेलीच असते. आता दोनच गोष्टी विचारायच्या: घड्याळ सुरू झालं तेव्हा इंजिनाचं तोंड कुठे होतं, आणि थांबलं तेव्हा कुठे? मधलं अंतर म्हणजे गाडी धावली ते अंतर.

रुळाशेजारच्या तारेच्या खांबापासून सुरू करू. तोंड खांबाशी आलं, घड्याळ सुरू. फुली खांबापाशी आली, घड्याळ बंद. तेव्हा तोंड 360 मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणून 18 सेकंद. खांबाची जाडी धरत नाहीत, 360 मीटरपुढे ती काहीच नाही. प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाचंही असंच. प्रश्नात 'प्लॅटफॉर्म' शब्द दिसला म्हणून त्याची लांबी मिळवायची नाही, गाडी ओलांडते ती त्या माणसाला.

गाडी प्लॅटफॉर्म 'ओलांडते' म्हटलं की फुलीनेही दुसरं टोक सोडलं पाहिजे. तोंड 440 अधिक 360, म्हणजे 800 मीटर गेलं. वेळ 40 सेकंद. उर्दू माध्यमाच्या मुलांना आम्ही सांगतो, ओलांडणे म्हणजे उबूर करना, नुसतं पोहोचणं नव्हे.

खिडकीतल्या प्रवाशासमोरून प्लॅटफॉर्म किती वेळ सरकतो, असं विचारलं तर गाडीची लांबी येतच नाही. प्रवासी हा एक बिंदू, म्हणून 440 भागिले 20, 22 सेकंद. आणि 'संपूर्ण गाडी प्लॅटफॉर्मच्या आत किती वेळ असेल' म्हटलं तर फुली आत आल्यावर घड्याळ सुरू होतं आणि तोंड दुसऱ्या टोकाला लागताच थांबतं. अंतर फक्त 80 मीटर, वेळ 4 सेकंद. गाडी प्लॅटफॉर्मपेक्षा लांब असेल तर ही वेळ कधी येतच नाही; वजाबाकी ऋण आली की वाक्य पुन्हा वाचा.

आता उलटा प्रश्न. 'गाडी खांब 18 सेकंदांत आणि प्लॅटफॉर्म 40 सेकंदांत ओलांडते, तर गाडीची लांबी किती?' मुलं पानभर आकडेमोड करतात आणि सुटत नाही म्हणून स्वतःलाच दोष देतात. दोन्ही वेळांतला फरक 22 सेकंद, तो प्लॅटफॉर्मच्या लांबीचा. त्यावरून गाडी आणि प्लॅटफॉर्म यांचं प्रमाण 18 ला 22, म्हणजे 9 ला 11, एवढंच कळतं. मीटर एकही कळत नाही, कारण वाक्यात एकही मीटर नाही. 'प्लॅटफॉर्म 440 मी.' हे आकृतीवर लिहिलेलं असणार आणि ते टाईप करताना सुटलं. ते मिळालं की 440 भागिले 22, वेग 20, आणि 18 सेकंदांची गाडी 360 मीटर. पर्याय दिलेले असले तरी अशा अर्धवट प्रश्नावर अंदाजाने खूण करून सराव होत नाही. मूळ पान मागवा, नाहीतर प्रश्न सोडा.

उत्तर आलं की गाडीकडे पाहून तपासता येतं. प्रवासी डबा साधारण 22 ते 24 मीटरचा असतो आणि इंजिन 20 मीटरच्या आसपास. 360 मीटर म्हणजे पंधराएक डबे, हे पटतं. प्रवासी गाडी दोन किलोमीटर लांब निघाली, तर बहुतेक वेळा ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे राहून गेलेले असतात.