गॅस भरण्याआधी

मे महिन्यात एसी गार हवा देईनासा झाला की मेकॅनिककडून बहुधा एकच निदान ऐकू येतं: "गॅस संपलाय." त्यावर पैसे मोजण्याआधी एवढं लक्षात ठेवावं की एसीतला गॅस वापरून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या युनिटमध्ये सोडतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि गॅस पुरेसा असूनही खोली गरम राहण्याची कारणं कमी नाहीत. त्यातली बरीचशी मेकॅनिक यायच्या आधीच ओळखता येतात.

रिमोट आधी नीट पाहावा. त्यावर बर्फाच्या कणाचं चिन्ह हवं. पंख्याचं चिन्ह असेल तर कॉम्प्रेसर चालूच होत नाही, नुसती हवा फिरते. थेंबाचं चिन्ह असेल तर एसी मुख्यतः दमटपणा काढतो. अनेक इन्व्हर्टर एसींत क्षमता कमी करून चालवण्याची सोय असते. पावसाळ्यात लावलेले ४० टक्के उन्हाळ्यातही तसेच राहून जातात, आणि दोष बिचाऱ्या गॅसवर येतो.

रिमोट ठीक असेल तर येणाऱ्या हवेकडे लक्ष द्यावं. हवा गार आहे, पण तिला जोर नाही, असं असेल तर फिल्टर तुंबला आहे. पुढचं झाकण उघडून जाळ्या काढाव्यात, साध्या पाण्याने धुवाव्यात आणि सावलीत पूर्ण वाळवून परत बसवाव्यात. उन्हाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करावं. रस्त्यालगतच्या घरात त्याहून लवकर. फिल्टर फार तुंबला तर आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळून पाणी खोलीत ठिबकतं. अशा वेळी एसी दोनेक तास फक्त पंख्यावर चालवून बर्फ जाऊ द्यावा.

हवेला जोर आहे, पण ती गार नाही, तर दोष पुढे कुठेतरी आहे. इथे साधा थर्मामीटर कामी येतो. तापमान सगळ्यात कमी, पंखा सगळ्यात जोरात ठेवून वीस मिनिटं थांबावं. मग एसी वरून जी हवा आत ओढतो तिचं आणि खालून जी सोडतो तिचं तापमान मोजावं. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक पडला तर यंत्र आपलं काम करतंय. दमट हवेत हा फरक थोडा कमी येतो.

नागपुरातल्या एका घराचं उदाहरण घेऊ. दीड टनाचा, इन्व्हर्टर नसलेला एसी. फिल्टर स्वच्छ, हवेला जोर. आत जाणारी हवा ३३ अंश, बाहेर येणारी २९. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं गारवा येतो, मग हवा कोमट होते आणि अर्ध्या तासाने पुन्हा थोडी गार. हा आलटून पालटून येणारा गारवाच खरी खूण आहे. बाल्कनीतल्या युनिटमध्ये कॉम्प्रेसर घुमतोय, पण पंखा फिरत नाही. उष्णता बाहेर टाकली जात नाही, कॉम्प्रेसर तापतो, त्याचं संरक्षक बटण त्याला बंद करतं आणि निवल्यावर तो परत सुरू होतो. अशा एसीत बहुतेकदा पंख्याचा कपॅसिटर गेलेला असतो. तो काही शे रुपयांत बदलून मिळतो. इथे गॅस भरला असता तर आधीच वाढलेला दाब आणखी वाढला असता. कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार राहतो, म्हणून त्याला स्वतः हात लावू नये. युनिट भिंतीबाहेर असेल तर खिडकीतून वाकू नये, मोबाइलने फोटो काढावा. पंखा फिरत असूनही मागची जाळी धुळीने भरली असेल किंवा युनिटसमोर सामान रचलेलं असेल, तरी परिणाम तोच होतो.

पंखा फिरतोय, जाळी स्वच्छ आहे, तरी फरक तीन-चार अंशांचाच, आणि बाहेरच्या युनिटला जोडलेल्या बारीक नळीवर बर्फ साचतोय, तर मात्र गॅसचा संशय रास्त आहे. नळ्यांच्या जोडापाशी तेलकट डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच आहे. मुंबई, कोकण, गोवा इथे खारी हवा कॉइल खाते, म्हणून गळतीही लवकर होते.

विदर्भातल्या वाचकांनी एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. बाहेर ४५ असताना, वर तापलेली गच्ची असताना, निरोगी एसीही खोली २४ वर नेईलच असं नाही.

गॅस भरावाच लागला तर मेकॅनिकला आधी गळती शोधायला आणि बुजवायला सांगा. त्यानंतर पंपाने नळ्यांतली हवा काढणं आणि युनिटच्या पट्टीवर लिहिलेला गॅस तेवढ्याच वजनाने, काट्यावर मोजून भरणं हेही त्याच कामात येतं. यातलं काहीच न करता नुसता गॅस सोडणाऱ्याला पैसे देऊ नका, कारण गळती तशीच राहिली तर तो गॅसही निघून जाणार.